पेरणीला रोख, फवारणीला उधार: कृषी निविष्ठांच्या दुकानाचा पहिला हंगाम

प्रश्न: "बियाणे, खते आणि औषधांचे दुकान सुरू करतोय. स्वतःचे १२ लाख आहेत. पहिल्या हंगामात ३० लाखांची विक्री होईल असा अंदाज आहे. शेतकरी पीक निघाल्यावर पैसे देतात, पुरवठादार मात्र आधी नाहीतर महिना-दोन महिन्यांत मागतात. उधारी किती द्यावी, माल किती भरावा आणि वसुली कशी करावी?"

उधारी विक्रीच्या किती टक्के द्यावी, असा प्रश्न मला पंचवीस वर्षांत अनेकांनी विचारला. टक्केवारीने त्याचे उत्तर निघत नाही. पुरवठादाराला पैसे द्यायची तारीख आणि शेतकऱ्याकडून पैसे हातात पडायची तारीख, या दोन तारखांमध्ये जे दिवस असतात ते तुमच्या स्वतःच्या पैशावर काढायचे असतात. म्हणून आधी तारखा मांडू, उधारीचा आकडा त्यातूनच बाहेर येईल.

पेरणीचा दिवस शून्य धरा. पीक चार महिन्यांचे असेल तर काढणी १२० व्या दिवसाच्या आसपास येते. माल वाळवून, विकून, पैसे हातात यायला आणखी महिना जातो. म्हणजे शेतकरी तुमच्याकडे साधारण १५० व्या दिवशी येतो. आता एकच खताचे पोते पाहा. खताचे पैसे बहुधा आगाऊ किंवा माल उतरताच द्यावे लागतात. तुम्ही पेरणीच्या दहा दिवस आधी भरलेत आणि ते पोते पेरणीला उधार दिलेत, तर तुमचा पैसा १६० दिवस अडकला. खताला १०० च्या विक्रीवर ५ सुटतात असे धरू, म्हणजे खरेदी ९५. पैशाचा खर्च महिना दीड टक्का धरला तरी साडेपाच महिन्यांच्या आत-बाहेर त्या ९५ वर साडेसात जातात. ते पोते विकून तुम्ही अडीच गमावले, आणि तेही शेतकऱ्याने ठरल्या दिवशी सगळे पैसे दिले तर.

आता औषधाची बाटली. वितरकाने ६० दिवसांची मुदत दिली आहे. माल पेरणीनंतर विसाव्या दिवशी आला, पन्नासाव्या दिवशी तुम्ही तो उधार दिला. बिल ऐंशीव्या दिवशी भरायचे, शेतकरी १५० व्या दिवशी देणार. तुमचा पैसा अडकला फक्त ७० दिवस. इथे १०० च्या विक्रीवर १५ सुटत असतील, तर खरेदीच्या ८५ वर ७० दिवसांचे ३ जातात आणि १२ उरतात. माणूस तोच, शेतही तेच, पण एका उधारीत दुकान खाली जाते आणि दुसऱ्या उधारीत तरते. फवारणीच्या वेळी आणखी एक गोष्ट हाताशी असते: पीक उभे दिसते. पेरणीच्या दिवशी तुम्ही पावसावर उधारी देता, पन्नासाव्या दिवशी डोळ्यांसमोरच्या पिकावर देता.

म्हणून माझे ठाम मत असे की बियाणे आणि पेरणीचे खत रोखीने विकावे, आणि जी काही उधारी द्यायची ती फवारणीला व खताच्या दुसऱ्या हप्त्याला ठेवावी. यात एक अडचण आहे, ती मी लपवणार नाही. पेरणीच्या वेळीच शेतकऱ्याचा हात सर्वांत रिकामा असतो आणि शेजारचा दुकानदार तेव्हा उधार देत असतो. काही गिऱ्हाईक जाईल. जे टिकवायचे आहे त्याला निम्मे रोख, निम्मे उधार असे सांगा. पीककर्ज मंजूर झालेल्या माणसाला रक्कम हातात येईपर्यंत आठ-दहा दिवस सांभाळून घेता येते, कारण तिथे पैसा यायची तारीख माहीत असते.

आता तुमच्या आकड्यांकडे. १२ लाखांतले दोन मांडणी, अनामत, परवाने आणि हिशेबाच्या साधनांत गेले असे धरतो. उरले १०. विक्री ३० लाखांची: बियाणे ६, खत १५, औषधे ९. सुटणारा पैसा अनुक्रमे दहा, पाच आणि पंधरा टक्के धरला तर एकूण २ लाख ७० हजार होतात आणि खरेदी २७ लाख ३० हजारांची. तुमच्या भागातले प्रत्यक्ष टक्के वेगळे असतील, ते घालून हीच मांडणी पुन्हा करा.

या हंगामात पैशाची तंगी दोनदा येते. पहिली पेरणीच्या आधी, एकही पोते विकले गेलेले नसताना. बियाण्याची आगाऊ रक्कम ५ लाख ४० हजार. पेरणीला लागणारे खत समजा ९ लाखांच्या विक्रीचे, त्याची खरेदी साडेआठ लाखांची. दोन्ही मिळून जवळजवळ १४ लाख होतात आणि तुमच्याकडे आहेत १०. तेव्हा खत एकदम भरता येणार नाही. पहिली गाडी ३ लाखांची आणा. ती विकून आलेल्या पैशात बियाण्याचे रोख पैसे मिळवून दुसरी, मग तिसरी. हा माल फिरता आहे, आणि तो फिरतो फक्त रोखीवर. पेरणीच्या त्या आठवड्यात निम्मा माल उधार गेला तर दुसऱ्या गाडीचे पैसे उभे राहत नाहीत, दारात गिऱ्हाईक उभे असते आणि गोदाम रिकामे असते. माझ्या तिसऱ्या वर्षी हेच झाले. उधारी वसूल झाली, पण ऐन पेरणीचे नऊ दिवस खत नव्हते, आणि ती विक्री त्या वर्षी परत आली नाही.

दुसरी तंगी नव्वदाव्या दिवसाच्या आसपास येते. तोपर्यंत सगळ्या पुरवठादारांची बिले भरायची वेळ झालेली असते आणि शेतकऱ्याच्या घरात अजून दाणा आलेला नसतो. खरेदी २७ लाख ३० हजार, न विकलेला माल सुमारे २ लाखांचा, भाडे, नोकर, वीज आणि हमाली १ लाख. एकूण ३० लाख ३० हजार बाहेर गेले. तुमच्या १० लाखांतले २ लाख हात न लावता ठेवायचे, म्हणजे वापरायला ८. उरलेले २२ लाख ३० हजार तोपर्यंत रोख विक्रीतून आलेच पाहिजेत. ३० लाखांच्या विक्रीतून ते वजा केले की ७ लाख ७० हजार उरतात. ही तुमच्या उधारीची कमाल मर्यादा. मी ती साडेसात लाख लिहून भिंतीवर लावीन: साडेपाच लाख औषधे आणि दुसऱ्या हप्त्याच्या खतासाठी, दोन लाख पेरणीच्या निम्म्या उधारीसाठी. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना उधारीची बेरीजही करायची. आकडा सहा लाखांच्या पुढे गेला की नवीन खाते उघडणे बंद.

साडेसात लाख म्हणजे सरासरी १५ हजारांची पन्नास खाती. दोनशे खात्यांना थोडे थोडे देऊ नका, तेवढ्यांच्या मागे फिरणे एका माणसाला शक्य नसते. आणि पाच जणांना दीड-दीड लाखही नको, त्यातला एक बुडाला तर वर्षाची कमाई गेली. किती गेली ते मोजून पाहा. वरच्या हिशेबात १०० च्या विक्रीवर सरासरी ९ सुटतात. एकाचे १५ हजार बुडाले तर ते भरून काढायला पावणेदोन लाखांच्या जवळपास नवी विक्री करावी लागते, तीही रोखीची. प्रत्येकाची मर्यादा ठरवताना त्याच्या एकूण जमिनीकडे पाहू नका. या हंगामात प्रत्यक्ष किती क्षेत्र पेरले आहे, त्या पिकाला औषध-खताचा खर्च किती येतो, आणि दुसऱ्या दुकानात त्याचे किती देणे आहे, एवढे पुरते. तिसरी गोष्ट विचारायला संकोच वाटतो. तरी विचारा. जो सरळ सांगतो तो बहुधा देणाराच असतो.

पुरवठादाराच्या अटींकडे नवा दुकानदार कमी लक्ष देतो. सगळा जोर सवलतीच्या टक्क्यावर असतो, तारखांवर नसतो. पहिली गोष्ट, मुदत कधीपासून मोजतात ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती बिलाच्या तारखेपासून असते. माल आठ दिवसांनी पोचला तर साठाचे बावन्न झाले. बिल आणि गाडी एकाच दिवशी निघेल असे आधीच ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट रोखीची सूट. समजा वितरक म्हणतो, साठ दिवसांत द्या, किंवा सात दिवसांत दिलेत तर चार टक्के कमी. १ लाखाच्या बिलावर तुम्ही ९६ हजार ५३ दिवस आधी देता आणि ४ हजार वाचवता. हा महिन्याला सव्वादोन टक्क्यांहून जास्त परतावा झाला. तुमचा पैसा महिना दीड टक्क्याने पडत असेल तर ही सूट घ्यावी, मात्र वर सांगितलेल्या दोन तंगीच्या काळांत नाही. तेव्हा सूट सोडून मुदत घ्या. सूट मागे कधीही मिळवता येते, ऐन पेरणीत संपलेले खत नाही.

तिसरी गोष्ट उद्दिष्टावर मिळणारी वर्षअखेरची सवलत. अमुक पेट्या उचलल्या तर अमुक टक्के नंतर क्रेडिट नोटने मिळतील, असे ठरते. मग दुकानदार ती सवलत हातात आलीच आहे असे समजून बिलाच्या भावाखाली विकू लागतो. क्रेडिट नोट सात-आठ महिन्यांनी येते, कधी उद्दिष्ट दोन पेट्यांनी हुकते, कधी "थकलेले बिल उशिरा भरलेत" म्हणून ती कापली जाते. माझा नियम साधा आहे: क्रेडिट नोट वहीत जमा होईपर्यंत ती विक्रीच्या भावात धरायची नाही. आणि कोरा धनादेश कोणालाही देऊ नका. अनामत मागितली तर रोख द्या, पावती घ्या, त्यावर परतीची अट लिहून घ्या.

चौथी आणि मालाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट परतीची. बियाणे परत घेण्याची शेवटची तारीख कोणती, फोडलेली पेटी चालते का, औषधाची मुदत संपायला किती महिने शिल्लक असले पाहिजेत, वाहतूक कोणाच्या खर्चाने, हे सगळे मागणी नोंदवतानाच लेखी घ्या. विक्री प्रतिनिधी तोंडी "सगळे परत घेऊ" म्हणतो, पुढच्या वर्षी त्या जागी दुसरा माणूस असतो. परतीची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा आणि तिच्या दहा दिवस आधी शिल्लक मोजा.

माल भरण्यात बियाण्याची आणि औषधाची जोखीम वेगळी असते. बियाण्याला हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. एखादा वाण गावात चालला तर तुटवडा होतो, नाही चालला तर पिशव्या तशाच राहतात, आणि पुढच्या वर्षी उगवणशक्तीची खात्री नसते. म्हणून बियाण्यात मी वाण कमी आणि परत घेणारा पुरवठादार जास्त पाहतो. औषधाची विक्री कीड-रोगावर आणि हवेवर ठरते. पावसाने ओढ दिली तर तणनाशक पडून राहते, ढगाळ हवा आठवडाभर टिकली तर बुरशीनाशक दोन दिवसांत संपते. तेव्हा सुरुवातीला अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच माल ठेवा आणि दोन दिवसांत पुरवठा करणारा वितरक धरून ठेवा, मग त्याचा भाव एक टक्का जास्त असला तरी चालेल. औषधाच्या प्रत्येक पेटीवर मुदत संपायचा महिना मोठ्या अक्षरात लिहा. जुनी पेटी पुढे, नवी मागे. दहावर दोन फुकट या योजनेला भुलून वर्षाला चार बाटल्या खपणाऱ्या औषधाची पेटी घेऊ नका.

गोदामाचे एकच सांगतो. युरिया हवेतला ओलावा ओढून घट्ट होतो, म्हणून पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. आणि तणनाशके बियाण्याच्या खोलीत कधीही ठेवू नका. टू-फोर-डीसारख्या तणनाशकाची वाफ बियाण्याला आणि कोवळ्या रोपांना इजा करू शकते. बियाणे उगवले नाही तर शेतकरी त्याचे पैसे देणार नाहीच, बाकीचे खातेही अडवून बसेल.

इथून वसुली सुरू होते, कारण वसुलीची बरीचशी कामे माल देतानाच होतात. माझ्या खातेवहीत प्रत्येक शेतकऱ्याला एक पान आहे. वर नाव, गट नंबर, पेरलेले क्षेत्र, पीक, पेरणीची तारीख आणि ठरलेली मर्यादा. खाली प्रत्येक बिलाची ओळ: तारीख, मालाचे नाव, बॅच नंबर, रक्कम, माल नेणाऱ्याची सही. माल मुलगा किंवा सालगडी न्यायला आला तर त्याची सही आणि त्याच दिवशी खातेदाराच्या मोबाइलवर रकमेचा संदेश. "माझ्या पोराने नेलेच नाही" हा वाद पाच महिन्यांनी होतो, तेव्हा त्या संदेशाइतका उपयोगी पुरावा नसतो. उधारीचा आणि रोखीचा भाव वेगळा असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगा आणि बिलावर लिहा. छापील किमतीच्या वर मात्र जाऊ नका, उधारीवर रोखीची सवलत द्यायची नाही एवढेच करा. नंतर चढवलेले व्याज लोक देत नाहीत आणि त्याच रागात मुद्दलही अडते.

बॅच नंबर का लिहायचा, ते एका प्रसंगाने सांगतो. एका जुन्या गिऱ्हाइकाने तण उगवण्यापूर्वीचे तणनाशक नेले होते. काढणीनंतर तो म्हणाला, औषध बोगस होते, तणाला काहीच झाले नाही, मी सगळ्याच खात्याचे २२ हजार देणार नाही. मी वही काढली. त्याच बॅचच्या बाटल्या आणखी सहा जणांनी नेल्या होत्या आणि त्यांची शेते स्वच्छ होती. त्याला तारीख विचारली तेव्हा कळले की फवारणी केली त्या दिवशी जमीन कोरडी होती आणि पुढे बारा दिवस पाऊस नव्हता. असे तणनाशक जमिनीत ओल असल्याशिवाय काम करत नाही. चूक माझीही होती, कारण ते देताना मी एका वाक्यात सांगायला हवे होते. तणनाशकाचे १,४०० मी सोडले, बाकीचे त्याने दोन हप्त्यांत दिले. त्या दिवसापासून प्रत्येक बिलावर मात्रा आणि "ओल असताना फवारा" यासारखी एक ओळ मी हाताने लिहितो. अडलेल्या उधारीत नियत वाईट असलेली माणसे मला थोडी भेटली. अशी तक्रार मनात धरून बसलेली जास्त.

वसुलीला काढणीनंतर जाणे म्हणजे उशीर. पहिली चक्कर शंभराव्या दिवशी, बांधावर, पैसे न मागता. पीक कसे आहे, कोणाला देणार, कधी देणार, एवढेच विचारायचे आणि पानावर लिहायचे. त्याच वेळी खात्याची बाकी दाखवून "बाकी बरोबर आहे" अशी तारखेसह सही घ्या. ती सही वाद मिटवते, आणि कायद्यात येणे मागायला जी मुदत असते तिच्या दृष्टीनेही देणे कबूल केल्याचा लेखी पुरावा तुमच्याजवळ राहतो. दुसरी भेट माल विकायच्या दोन दिवस आधी. विकल्यावर त्या पैशावर मजुरी, दुसरी दुकाने, घरातले लग्न आणि शाळेची फी अशी रांग लागते. त्या रांगेत तुमचे नाव आधी घातलेले हवे. सगळे एकदम मागू नका. पहिल्या विक्रीतून निम्मे, दुसऱ्या विक्रीतून उरलेले, असे त्याच्याच तोंडून ठरवून घ्या. आलेली रक्कम जुन्यात जुन्या बिलावर जमा करा आणि पावतीवर ते बिल लिहा.

पीकच गेले असेल तर शेतात जाऊन स्वतः पाहा. खरोखर गेले असेल तर बाकीचे दोन भाग करा, पुढच्या दोन पिकांच्या तारखा घालून नवा कागद करा, व्याज सोडा, नवी उधारी बंद ठेवा आणि रोखीने आलेल्याला इतरांइतकाच मान द्या. त्याच्या दारात चारचौघांत मागणी करू नका, पंप-मोटारीला हात लावू नका. गावात ती गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचते आणि चांगली देणारी माणसेही दुकान बदलतात. पीक चांगले आले, विकले गेले, तरीही जो टाळतो त्याच्याशी मात्र वेगळे वागा: एक लेखी पत्र, मग ज्याच्या शब्दाला तो मान देतो अशा माणसाला घेऊन भेट, मग वकिलाची नोटीस. या तिन्हींमध्ये पंधरा-पंधरा दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका.

वसुलीचा पैसा येऊ लागला की नेमक्या त्याच दिवसांत पुरवठादार पुढच्या हंगामाच्या आगाऊ नोंदणीची योजना घेऊन येतात. गल्ल्यात पैसा दिसतो आणि सही होते. तो पैसा आधी थकलेल्या बिलांना, मग बाजूला ठेवलेल्या २ लाखांत कमी झालेली भर घालायला, आणि त्यानंतर उरला तरच नोंदणीला. पुढच्या हंगामाची उधारी ठरवताना १८० व्या दिवशी वही उघडा. साडेसात लाखांपैकी साडेसहा आले असतील तर थकलेले एक लाख वजा करून पुढची मर्यादा साडेसहा लाखच धरा, कारण अडकलेला लाख हा आधीच दिलेली उधारी आहे. पाच लाखांच्या खाली आले असतील तर पुढच्या पेरणीला एकही नवे खाते उघडू नका आणि आधी त्या अडीच लाखांच्या पानांवर एकेक करून बसा: किती जणांचे पीक गेले, किती जणांची तक्रार आहे, किती जण टाळताहेत. तिन्हींची नावे वेगवेगळ्या कागदांवर लिहा, कारण तिघांकडे जायची वाट वेगळी आहे.